बाँडचा प्रीमियम दरवर्षी कसा उतरवायचा: इफेक्टिव्ह इंटरेस्ट पद्धत, पाच वर्षांच्या हिशोबासकट

आर्टिकलशिपच्या पहिल्या वर्षी मी एक शीट बनवली होती, त्यात दहा लाखांचे बाँड पाचव्या वर्षाच्या शेवटी 9,79,854 रुपयांवर येऊन बसले होते. म्हणजे कंपनीने परत द्यायचे दहा लाख आणि पुस्तकात देणं दिसतंय वीस हजारांनी कमी. सरांनी शीट बघितली, शेवटच्या आकड्याला पेन्सिलने गोल केला आणि काही न बोलता परत दिली. चूक एका सेलमध्ये होती पण ती सापडायला मला अख्खी संध्याकाळ लागली, आणि तीच चूक मी आजही दर बॅचला कोणाच्या तरी वहीत बघतो. म्हणून हा लेख मुख्यतः त्या एका सेलबद्दल आहे, बाकीच्या पायऱ्या सोप्या आहेत त्या पटकन उरकतो.

तुम्हाला कूपन म्हणजे काय, यील्ड म्हणजे काय, डेबिट-क्रेडिट कुठल्या बाजूला हे माहीत आहे असं धरून चालतोय. हिशोब बाँड काढणाऱ्या कंपनीच्या बाजूने आहे, विकत घेणाऱ्याच्या नाही.

उदाहरण ठरवून घेऊ

एका कंपनीने 1 एप्रिल 2024 ला 10 लाख दर्शनी किमतीचे बाँड काढले. कूपन 10 टक्के, व्याज वर्षातून एकदा 31 मार्चला, मुदत पाच वर्षं. त्या दिवशी अशा जोखमीच्या बाँडवर बाजार 8 टक्के मागत होता. बाजारात 8 मिळत असताना तुम्ही 10 देताय म्हटल्यावर लोक दहा लाखांपेक्षा जास्त मोजायला तयार होणार, तो जास्तीचा भाग म्हणजे प्रीमियम.

पहिली पायरी: किंमत काढा

एक्सेलमध्ये एक ओळ:

```
=PV(8%,5,-100000,-1000000)
```

उत्तर 10,79,854 रुपये (पैसे सोडून दिलेत). प्रीमियम 79,854. बँक डेबिट 10,79,854, बाँड क्रेडिट 10,00,000, बाँड प्रीमियम क्रेडिट 79,854. झालं.

इथे एकच ताकीद. बारावीला डिबेंचरचा प्रीमियम सिक्युरिटीज प्रीमियम खात्यात टाकायला शिकवलेलं असतं, ते डोक्यातून जात नाही आणि मुलं इथेही हे 79,854 उचलून रिझर्व्हमध्ये ठेवतात. या पद्धतीत तो नफा नाही, रिझर्व्ह नाही, तो कर्जाचाच भाग आहे. ताळेबंदात बाँडचं देणं पहिल्या दिवशी 10,79,854 असंच दिसलं पाहिजे. या आकड्याला कॅरिंग व्हॅल्यू म्हणायचं आणि पुढचा सगळा खेळ याच आकड्यावर आहे.

दुसरी पायरी: इथेच सगळे अडकतात

आधी मी काय केलं होतं ते सांगतो. मला एवढं कळलं होतं की रोख व्याज 1,00,000 जातं आणि खरा दर 8 टक्के आहे. मग मी सरळ दहा लाखांचे 8 टक्के काढले, 80,000, आणि फरक 20,000 दरवर्षी प्रीमियममधून वजा करत गेलो. पाच वर्षं गुणिले वीस हजार म्हणजे एक लाख. प्रीमियम मुळात होता 79,854. म्हणून शेवटी खातं 20,146 ने उलट्या बाजूला गेलं आणि 9,79,854 हा आकडा आला. दर बरोबर होता, रक्कम चुकीची धरली होती.

दुसरी चूक याच्या बरोबर उलटी, रक्कम बरोबर आणि दर चुकीचा. कॅरिंग व्हॅल्यूवर 10 टक्के लावायचे. मग पहिल्याच वर्षी व्याज खर्च येतो 1,07,985, म्हणजे दिलेल्या रोख व्याजापेक्षा जास्त, आणि प्रीमियम उतरण्याऐवजी चढतो. ही चूक निदान पहिल्या वर्षातच ओरडून सांगते. माझी चूक जवळजवळ चार वर्षं गप्प बसते, पाचव्या वर्षी तोंड उघडते, म्हणून ती जास्त वाईट.

आता बरोबर काय ते. दर दोन आहेत, रकमा दोन आहेत, आणि त्यांच्या जोड्या ठरलेल्या आहेत. कूपनचा दर दर्शनी किमतीवर, त्यातून रोख व्याज निघतं. बाजाराचा दर कॅरिंग व्हॅल्यूवर, त्यातून व्याज खर्च निघतो. या जोड्या कधीही तोडायच्या नाहीत. आणि प्रीमियमचा हप्ता हा आकडा स्वतंत्रपणे कधीच काढायचा नाही, तो उरलेला आकडा आहे, रोख व्याजातून खर्च वजा केला की जे उरतं ते. ज्याने आधी प्रीमियमचा हप्ता काढायला घेतला त्याचा हिशोब तिथेच बिघडला असं समजा.

हे पाठ करून भागत नाही, परीक्षेच्या हॉलमध्ये जोड्या उलट्या होतात. म्हणून मी मुलांना होम लोनचं उदाहरण देतो, कारण घरात कोणाचा तरी हप्ता चालू असतोच. हप्ता दर महिन्याला तोच असतो ना? पण त्यात व्याज किती आणि मुद्दल किती हे दर महिन्याला बदलतं. बँक व्याज कशावर लावते, तर त्या दिवशी जेवढं कर्ज बाकी आहे त्यावर. हप्त्यातून व्याज गेलं की उरलेलं मुद्दलात. सुरुवातीला व्याज जास्त, मुद्दल कमी फिटतं, पुढे पुढे उलटं होत जातं.

प्रीमियमवर काढलेल्या बाँडचं अगदी तसंच आहे. कंपनीने हातात घेतले 10,79,854, म्हणजे उसने घेतलेले पैसे तेवढे आहेत, दहा लाख नाहीत. दरवर्षी जो एक लाखाचा चेक जातो तो निव्वळ व्याज नाही, तो हप्ता आहे, त्यात थोडं व्याज आणि थोडी त्या जास्तीच्या 79,854 ची परतफेड. व्याज किती हे बाकी असलेल्या कर्जावर 8 टक्क्यांनी ठरतं. एकदा हे डोक्यात बसलं की 8 टक्के दहा लाखांवर का लावायचे नाहीत हे विचारायची गरजच राहत नाही, कारण दहा लाख ही तुमची बाकी नाहीच मुळी.

पहिलं वर्ष करून बघू. बाकी 10,79,854, त्याचे 8 टक्के 86,388, हा व्याज खर्च. चेक गेला 1,00,000 चा. फरक 13,612, हा प्रीमियममधून उतरला. नवी बाकी 10,66,242. नोंद अशी की व्याज खर्च डेबिट 86,388, बाँड प्रीमियम डेबिट 13,612, बँक क्रेडिट 1,00,000. दुसऱ्या वर्षी 8 टक्के या नव्या 10,66,242 वर, जुन्या आकड्यावर नाही.

तिसरी पायरी: खाली ओढत न्या

| 31 मार्च | सुरुवातीची बाकी | व्याज खर्च 8% | रोख व्याज | उतरलेला प्रीमियम | शेवटची बाकी |
|---|---|---|---|---|---|
| 2025 | 10,79,854 | 86,388 | 1,00,000 | 13,612 | 10,66,242 |
| 2026 | 10,66,242 | 85,299 | 1,00,000 | 14,701 | 10,51,541 |
| 2027 | 10,51,541 | 84,123 | 1,00,000 | 15,877 | 10,35,664 |
| 2028 | 10,35,664 | 82,853 | 1,00,000 | 17,147 | 10,18,517 |
| 2029 | 10,18,517 | 81,483 | 1,00,000 | 18,517 | 10,00,000 |

शेवटच्या ओळीत थांबा जरा. 10,18,517 चे 8 टक्के येतात 81,481, मी लिहिलेत 81,483. दरवर्षी रुपयात पूर्णांक केल्यामुळे दोन रुपये साठले, ते शेवटच्या वर्षी खर्चात घालून बाकी बरोबर दहा लाखांवर आणायची, सगळे असंच करतात. पण हे फक्त दोन-पाच रुपयांसाठी. फरक शेकड्यात असेल तर तो राउंडिंगचा नाही, तो तुमचा आहे, आणि तो शेवटच्या ओळीत दाबून टाकू नका. मी एकदा असा 1,100 चा फरक राउंडिंग म्हणून खपवायचा प्रयत्न केला होता, ऑडिटमध्ये पहिला प्रश्न त्याच ओळीवर आला.

शीटमध्ये दर एकाच सेलमध्ये ठेवा आणि डॉलर लावून तो सेल पक्का करा. सुरुवातीची बाकी मात्र वरच्या ओळीच्या शेवटच्या बाकीवरून आली पाहिजे, तिथे डॉलर लावला की प्रत्येक वर्षी 86,388 च येत राहतो आणि पाच वर्षांनी बाकी 10,11,794 वर लटकते. असा आकडा दिसला की दुसरं काही शोधू नका, तो डॉलर शोधा.

बरोबर आलंय हे कसं कळणार

मी तीन गोष्टी बघतो आणि त्यातली तिसरी कोणी शिकवत नाही.

पहिली म्हणजे दिशा. प्रीमियम असेल तर व्याज खर्च दरवर्षी कमी होत गेला पाहिजे आणि उतरणारा प्रीमियम दरवर्षी वाढत गेला पाहिजे. लोकांना हे ऐकायला विचित्र वाटतं, खर्च कमी होतोय तर त्याच्यासोबतचा आकडा कसा वाढतो, पण चेक एक लाखावर अडकलेला आहे ना, मग व्याजाचा भाग घटला की परतफेडीचा भाग वाढणारच.

दुसरी, एकूण बेरीज. पाच वर्षांचं रोख व्याज 5,00,000, त्यातून प्रीमियम 79,854 वजा केला तर 4,20,146. व्याज खर्चाच्या रकान्याची बेरीज हीच आली पाहिजे. येते, करून बघा.

तिसरी माझी आवडती. उतरलेल्या प्रीमियमचा प्रत्येक आकडा आधीच्या वर्षाच्या 1.08 पट असतो. 13,612 गुणिले 1.08 म्हणजे 14,701. त्याला परत 1.08 ने गुणा, 15,877. परत गुणा, 17,147. कारण साधं आहे, या वर्षी कर्ज 13,612 ने कमी झालं, तर पुढच्या वर्षी त्यावरचं 8 टक्के व्याज वाचलं आणि ते वाचलेलं व्याज परतफेडीत जाऊन बसलं. परीक्षेत हा रकाना 1.08 ने चालत नसेल तर मधे कुठेतरी चूक आहे आणि नेमक्या कुठल्या वर्षी आहे हेसुद्धा लगेच दिसतं. शेवटच्या वर्षी एक-दोन रुपये इकडेतिकडे होतील तेवढं सोडा.

अजून शंका असेल तर मधलं कुठलंही वर्ष घ्या आणि तिथून पुढच्या पैशांची आजची किंमत 8 टक्क्यांनी काढा. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी दोन चेक बाकी आहेत, एक 1,00,000 चा आणि एक 11,00,000 चा, त्यांची किंमत येते 10,35,665. आपल्या तक्त्यात 10,35,664. कॅरिंग व्हॅल्यू म्हणजे हेच, उरलेल्या चेकची जुन्या दराने काढलेली किंमत.

जुन्या दराने हे शब्द महत्त्वाचे. दोन वर्षांनी बाजाराचा दर 9 झाला किंवा 7 झाला तरी हा तक्ता हलवायचा नाही, 8 टक्के हा काढल्या दिवशीचा दर मुदत संपेपर्यंत तोच राहतो. दर वर्षी पेपरात बघून नवा यील्ड टाकणारा एक हुशार माणूस मी बघितलाय, त्याच्या शीटमधली बाकी शेवटी दर्शनी किमतीवर कधीच पोचली नाही.

सरळ भागून का चालत नाही

हा प्रश्न येतोच. 79,854 भागिले पाच, दरवर्षी 15,971, खर्च दरवर्षी 84,029, सोपं आणि सुटसुटीत. एकूण बेरीजसुद्धा तीच येते. पण मग पहिल्या वर्षी 10,79,854 च्या कर्जावर दर पडतो 7.78 टक्के आणि शेवटच्या वर्षी 10,15,971 वर 8.27 टक्के. कर्ज तेच, करार तोच, आणि पुस्तक म्हणतंय की कंपनीचं कर्ज दरवर्षी महाग होत गेलं. असं काही घडलेलं नाही. अमेरिकेच्या नियमात फरक किरकोळ असेल तर सरळ भागाकार चालवून घेतात, पण इंड एएस 109 खाली अमॉर्टाइज्ड कॉस्टवर ठेवलेल्या देण्याला इफेक्टिव्ह इंटरेस्टच लागतं, तेव्हा आपल्याकडच्या लिस्टेड कंपनीत हा वाद घालू नका.

खऱ्या कामात दोन गोष्टी आडव्या येतात

एक, खर्च. पुस्तकातल्या उदाहरणात बाँड फुकट निघतात, खऱ्या आयुष्यात अरेंजर, वकील, रेटिंग, सगळे पैसे घेतात. समजा 20,000 गेले. इंड एएसमध्ये ते वेगळे खर्ची टाकायचे नाहीत, देण्यातून वजा करायचे, म्हणजे सुरुवातीची बाकी 10,59,854. आता 8 टक्के लावलेत तर तक्ता दहा लाखांवर उतरणार नाही, कारण हातात कमी पैसे आले तर कर्ज महाग पडलं. दर नव्याने काढावा लागतो:

```
=RATE(5,-100000,1059854,-1000000)
```

सुमारे 8.48 टक्के येतो. मिळालेले पैसे प्लस, द्यायचे पैसे मायनस, चिन्हं उलटसुलट झाली की एक्सेल एरर देतं किंवा भलताच दर देतं. आणि उत्तर दोन दशांशांवर कापून तक्त्यात टाइप करू नका, सेलचा संदर्भ द्या, नाहीतर शेवटी मघाशी म्हटलं तसे शेकड्यातले फरक निघतात. माझे ते 1,100 असेच आले होते, दर 8.48 ऐवजी 8.5 टाइप केला होता.

दोन, सहामाही व्याज. भारत सरकारचे रोखे सहामाही व्याज देतात, अमेरिकेतले बहुतेक बाँडही. अशा वेळी वार्षिक तक्ता बनवून प्रत्येक ओळीचे दोन तुकडे करणारे लोक असतात, ते चूक आहे. दर अर्धा, कूपन अर्धं, कालावधी दुप्पट, आणि किंमतसुद्धा परत काढायची. आपलेच बाँड सहामाही असते तर 4 टक्क्यांनी दहा कालावधी धरून किंमत 10,81,109 आली असती. पहिल्या सहामाहीचा खर्च 43,244, उतरलेला प्रीमियम 6,756, बाकी 10,74,353. दुसऱ्या सहामाहीचा खर्च या नव्या बाकीवर, 42,974. वर्षाचा खर्च 86,218. वार्षिक तक्त्यातला 86,388 याच्या जवळपास दिसतो म्हणून लोक फसतात, पण किंमतच वेगळी आहे तर तक्ता तोच कसा असेल.

व्याजाची तारीख आणि वर्षअखेर जुळत नसेल तेव्हा मात्र तुकडे करायचे, आणि दोन्ही गोष्टींची गल्लत होते म्हणून मुद्दाम सांगतो. समजा हेच वार्षिक बाँड 1 ऑक्टोबरला काढले. तक्ता बाँडच्या वर्षाप्रमाणेच बनवायचा, ऑक्टोबर ते सप्टेंबर, आणि 31 मार्चला पहिल्या ओळीचा अर्धा भाग घ्यायचा. व्याज खर्च 43,194, प्रीमियम 6,806 ने कमी, आणि चेक अजून गेलेला नाही म्हणून देय व्याज 50,000 क्रेडिट. पुढच्या आर्थिक वर्षात पहिल्या ओळीचा उरलेला अर्धा आणि दुसऱ्या ओळीचा अर्धा, 43,194 अधिक 42,650, म्हणजे 85,844. मार्चची बाकी घेऊन तिच्यावर परत 8 टक्के लावायला जाऊ नका, सहा महिन्यांचं चक्रवाढ तुमच्या तक्त्यात मुळात नव्हतंच.

मुदतीआधी परत घेतले तर

तिसऱ्या वर्षाचं व्याज दिलं आणि त्याच दिवशी कंपनीने सगळे बाँड 10,45,000 ला परत विकत घेतले. तुलना दहा लाखांशी करायची नाही, त्या दिवशीच्या बाकीशी करायची. बाकी 10,35,664, दिले 10,45,000, तोटा 9,336. बाँड डेबिट 10,00,000, उरलेला प्रीमियम डेबिट 35,664, तोटा डेबिट 9,336, बँक क्रेडिट 10,45,000. दहा लाखांशी तुलना करणारे 45,000 तोटा दाखवतात आणि मग 35,664 चा प्रीमियम खात्यात तसाच पडून राहतो, ज्याचे बाँड आता कोणाकडेच नाहीत.